असणारच, असावं, बहुतेक, कदाचित : वादात कुठला शब्द कधी वापरायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे शब्द महत्त्वाचे का? मुद्दा बरोबर असला की झालं ना?

नाही, कारण मुद्दा बरोबर की चूक हे बऱ्याचदा याच शब्दावर ठरतं. "पंप वॉचमनने बंद केला नसेल" आणि "पंप वॉचमनने बंद केलाच नाही" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याला थोडा पुरावा पुरतो, दुसऱ्याला बराच लागतो. आपण पुरावा पहिल्याचा देतो आणि निष्कर्ष दुसरा काढतो, आणि समोरचा चिडला की म्हणतो "अरे मी कारणं दिली ना". कारणं दिलेली असतात, ती खरीही असतात, फक्त ती जिथपर्यंत पोचतात त्याच्या चार पावलं पुढे निष्कर्ष जाऊन बसलेला असतो.

मराठीत या शब्दांची चढती भाजणी कशी लावायची?

ढोबळमानाने अशी. सगळ्यात खाली "असू शकतं" आणि "कदाचित", म्हणजे एवढंच की हे अशक्य नाही. त्याच्यावर "असेल", हा अंदाज. मग "असावं", म्हणजे काहीतरी खूण दिसतेय आणि तिच्यावरून बोलतोय. मग "बहुतेक", म्हणजे नसण्यापेक्षा असण्याकडे पारडं स्पष्ट झुकलंय. मग "असणार", आणि सगळ्यात वर "असणारच" किंवा "असलंच पाहिजे", म्हणजे दुसरा काही मार्गच उरलेला नाही.

ही भाजणी काही पट्टीने आखलेली नाही, बोलताना "असेल" कधी नुसता हवेतला अंदाज असतो आणि कधी बऱ्यापैकी खात्री असते, आवाजावरून कळतं. लिहिताना आवाज नसतो. म्हणून टाइप करताना "असेल" एकटा सोडू नका, "बहुतेक असेल" किंवा "असेलही" असं काहीतरी जोडलं की वाचणाऱ्याला कळतं तुम्ही कुठे उभे आहात.

"पाहिजे" आणि "हवं" जरा जपून. "तो आत्तापर्यंत पोचायला हवा" यात अंदाज आहे की अपेक्षा? साडेआठला निघाला म्हणजे हिशोबाने पोचला असणार, असं म्हणायचंय, की त्याने वेळेत पोचणं त्याचं कर्तव्य आहे, असं म्हणायचंय? वादात लोक एकाचे पुरावे देतात आणि दुसऱ्याचा निष्कर्ष काढतात. "हा रस्ता सहा महिन्यात खराब व्हायला नको होता" हे कंत्राटदाराला दोष देणारं वाक्य आहे, पण त्यातून "म्हणजे तो खराब झाला नसणार" असं काही निघत नाही.

"पाऊस पडतोय" आणि "पाऊस पडत असणार" यात जास्त ठाम कोण?

ऐकायला "असणार" जोरदार वाटतो, पण ठाम आहे ते साधं "पडतोय". खिडकीतून बघून कोणी "पाऊस पडत असणार" म्हणत नाही. लोक ओल्या छत्र्या घेऊन आत येताना दिसले, बाहेर काहीच दिसत नाहीये, तेव्हा आपण "असणार" म्हणतो. म्हणजे "असणार" मध्ये एक कबुली दडलेली असते की मी हे पाहिलेलं नाही, अनुमान केलंय. अनुमान पक्कं असेलही, त्यात वाईट काही नाही, पण ते अनुमान आहे.

याचा वादात थेट उपयोग होतो. कोणी "त्याने पैसे घेतलेच असणार" असं जोर देऊन म्हटलं की तो जोर म्हणजेच पुरावा असं समजायचं नाही. उलट ते वाक्यच सांगतंय की बोलणाऱ्याने घेताना पाहिलेलं नाही. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: कशावरून?

पुरावा आणि शब्द जुळवायचे कसे? एखादं उदाहरण पूर्ण सोडवून दाखवा.

सोसायटीतलं घेऊ, कारण असे वाद तिथे रोज होतात. समजा एका सोसायटीत संध्याकाळी आठला वरच्या टाकीसाठी पंप लावतात, टाकी भरायला साधारण दोन तास लागतात, आणि दहाला वॉचमन बटण दाबून पंप बंद करतो. एके दिवशी पहाटे पाचला वरच्या मजल्यावरचे काका उठले तर गच्चीवरून पाणी वाहतंय आणि खाली पंपाचा आवाज येतोय. सकाळी ग्रुपवर मेसेज : "वॉचमन झोपला असणारच, याचा पगार कापा."

आता पुराव्यावरून काय काय म्हणता येतं ते पायरीपायरीने बघू.

पंप पाचला चालू होता. इथे कुठलाच शब्द लावायची गरज नाही, काकांनी ऐकलंय, पाणी पाहिलंय. "पंप चालू असावा" असं लिहिलं तर ते उगाच मागे येणं झालं.

पंप बराच वेळ चालू असणार. हेही चालतं, कारण टाकी दहाच्या सुमारास भरते आणि पाचला गच्ची भरून वाहतेय. पण "रात्रभर चालू असणारच" म्हटलं तर जरा पुढे गेलो, कारण दहाला बंद होऊन दोनला पुन्हा कोणी लावला असेल तरी पाचला असंच दिसलं असतं.

वॉचमनने बंद केला नसावा. इथे "नसावा" ठीक, कारण बंद करणं त्याचं काम आहे आणि पंप चालू आहे, म्हणजे सगळ्यात साधं स्पष्टीकरण हेच. पण "नसणारच" नाही, कारण पंप चालू राहायला इतरही कारणं असतात. कोणीतरी नळाला पाणी नाही म्हणून रात्री लावला असेल. किंवा पॅनेलमधला काँटॅक्टर चिकटला असेल, म्हणजे बटण दाबलं तरी आतले पॉइंट सुटत नाहीत आणि मोटर चालूच राहते, जुन्या पॅनेलमध्ये हे होतं.

वॉचमन झोपला असेल. आता इथे आपण नुसत्या "असेल" वर आलो. कारण समजा त्याने बंद केला नाही हे मान्य केलं, तरी न करायची कारणं अनेक : विसरला, गेटवर गाडी आली म्हणून तिकडे गेला, तब्येत बिघडली, झोपला. झोपेचा वेगळा काही पुरावा आपल्याकडे नाही. आणि मेसेजमध्ये "असणारच" लागला होता तो नेमका याच, सगळ्यात कच्च्या पायरीला.

मग कोणीतरी कॅमेरा बघितला. वॉचमन दहा वाजून पाच मिनिटांनी पंपरूमकडे जाताना दिसतोय, सव्वादहाला गेटवर उभा आहे. आता काय बदललं? "दहाला झोपला होता" हे संपलं. "पंपरूममध्ये गेला आणि बटण दाबलं" हे "बहुतेक" वर आलं, कारण तिकडे जायचं दुसरं कारण फारसं नाही, पण आतमध्ये कॅमेरा नाही म्हणून "दाबलंच" म्हणता येत नाही. दुपारी इलेक्ट्रिशियन आला, त्याने काँटॅक्टर उघडून दाखवला, पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेले. आता "पंप पॅनेलमुळे चालू राहिला असणार" म्हणायला हरकत नाही, आणि पगार कापायचा विषय संपतो.

यात मी कुठेही टक्के मोजले नाहीत. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारला : हे सोडून दुसरं काय झालं असतं तरी मला नेमकं हेच दिसलं असतं? जितकी अशी दुसरी स्पष्टीकरणं शिल्लक आणि जितकी ती पटण्यासारखी, तितका शब्द खाली आणायचा. एकेक बाद होत गेलं की शब्द वर चढवायचा.

हे असं कोणी खरंच गंभीरपणे वापरतं का?

हो, फौजदारी कोर्टात तर कोणाचं आयुष्य यावर अवलंबून असतं. १९७३ साली शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की शिक्षा द्यायची तर आरोपी दोषी "असू शकतो" एवढं पुरत नाही, तो दोषी "असलाच पाहिजे" इथपर्यंत यावं लागतं, आणि या दोन शब्दांमधलं अंतर लांबचं आहे, एका बाजूला धूसर तर्क आणि दुसऱ्या बाजूला पक्के निष्कर्ष. आपल्याकडच्या निकालांमध्ये हे वाक्य आजही उद्धृत होतं.

मग १९८४ साली शरद बिरदीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला, पुण्यातला खटला. लग्न फेब्रुवारी १९८२ मध्ये झालेलं, आणि त्याच वर्षी ११ आणि १२ जूनच्या मधल्या रात्री पत्नीचा मृत्यू झाला, पोटॅशियम सायनाइडने. पतीवर खुनाचा आरोप. पाहणारा साक्षीदार कोणी नाही, सगळा पुरावा परिस्थितीजन्य : तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, लग्नानंतरचं तिचं दुःख, नवऱ्याचं वागणं. पुण्याच्या कोर्टाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने सोडलं.

का सोडलं हे आपल्या विषयासाठी नीट बघण्यासारखं आहे. विषप्रयोगाच्या खटल्यात काय काय दाखवावं लागतं ते न्यायालयाने मांडलं : हेतू होता, मृत्यू त्या विषानेच झाला, विष आरोपीकडे होतं, आणि ते द्यायची संधी त्याला होती. विषाने मृत्यू झाला हे पक्कं होतं. पण विष आरोपीच्या ताब्यात होतं हे सिद्ध झालं नव्हतं. आणि ज्या पत्रांमधून ती किती दुःखी होती हे दिसतं तीच पत्रं दोन्हीकडे बोट दाखवतात : नवरा तिला त्रास देत होता म्हणजे त्याने मारलं असेल, आणि ती इतकी खचली होती म्हणजे तिने स्वतःच विष घेतलं असेल. एकच पुरावा दोन्ही गोष्टींशी जुळतो तेव्हा तो त्यातल्या एकीला "असणारच" पर्यंत नेऊ शकत नाही.

याच निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं आली, वकील त्यांना पंचशील म्हणतात. सगळी पाच इथे उलगडत नाही, पण पहिलं आणि दुसरं आपल्या कामाचं. पहिलं : ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थितीच आधी पूर्ण सिद्ध झाली पाहिजे, "सिद्ध झाली असेल" चालणार नाही. म्हणजे "च" निष्कर्षाला लावायचा असेल तर तो खालच्या प्रत्येक आधाराला लागला पाहिजे. दुसरं : सिद्ध झालेल्या गोष्टी फक्त दोषी असण्याशीच जुळल्या पाहिजेत, त्यांचं दुसरं कुठलंच स्पष्टीकरण निघता कामा नये. पंपाच्या उदाहरणात आपण हेच विचारत होतो.

अजून एक मुद्दा त्या निकालात आहे जो घरगुती वादातही हमखास उपयोगी पडतो. आरोपीने खोटं स्पष्टीकरण दिलं तर ते दुवा म्हणून धरता येतं, पण बाकीची साखळी आधीच पूर्ण असेल तरच. तुटलेली साखळी जोडायला ते वापरता येत नाही. "तो खोटं बोलला म्हणजे त्यानेच केलं असणार" हे आपण किती सहज म्हणतो, आणि माणूस खोटं बोलायला लाज, भीती, दुसऱ्याला वाचवणं अशी किती कारणं असतात.

पण अशाने कोणालाच शिक्षा होणार नाही. शक्यता तर कशाचीही असते!

बरोबर आक्षेप आहे, आणि बोबडे निकालातच याचं उत्तर आहे. त्याच निकालात न्या. अय्यर यांनी हेही बजावलं की संशयाच्या फायद्याचं तत्त्व ताणत नेऊन प्रत्येक लहानसहान शंकेवर आरोपी सोडत गेलं तर तेही न्यायाचं नुकसानच आहे. आणि त्या खटल्यात शिक्षा कायम राहिली होती.

म्हणून कायदा "शंका" म्हणत नाही, "वाजवी शंका" म्हणतो. फरक असा की वाजवी शंकेला पुराव्यात कुठेतरी पाय टेकवायला जागा लागते. पंप "भुताने चालू केला असू शकतो" ही शक्यता आहे, पण तिच्यामुळे "असणार" चा "असेल" करायची गरज नाही. "काँटॅक्टर चिकटला असू शकतो" हीही शक्यताच आहे, पण पॅनेल जुनं आहे आणि असं होताना लोकांनी पाहिलेलं आहे, म्हणून ती मोजायची.

निर्दोष सुटला म्हणजे त्याने केलंच नाही, असं म्हणायचं का?

निकालाचा निष्कर्ष "सिद्ध झालं नाही" हा आहे. कायद्याच्या दृष्टीने तो माणूस निर्दोष, आणि आपणही त्याला दोषी म्हणत फिरायचा काही हक्क नाही. पण तर्काच्या दृष्टीने "केल्याचं सिद्ध झालं नाही" मधून "न केल्याचं सिद्ध झालं" निघत नाही, आणि "सुटला पण केलं असणारच" हे तर त्याहून निघत नाही. दोन्ही बाजूंचे लोक एकाच वाक्यावरून दोन विरुद्ध टोकांना जातात, आणि पुरावा बिचारा मधेच उभा असतो.

दिवाणी खटल्यात पण एवढीच खात्री लागते?

नाही. तिथे दोन्ही बाजू तोलून कुठली जास्त संभवनीय ते बघतात, म्हणजे आपल्या भाजणीत साधारण "बहुतेक". म्हणून एकाच घटनेवरून माणूस फौजदारीत सुटतो आणि दिवाणीत भरपाई द्यावी लागते, आणि यात काही विसंगती नाही. निष्कर्षाला कुठला शब्द हवा हे त्या निष्कर्षावर काय अवलंबून आहे त्यावरून ठरतं, आणि पुरावा कुठल्या शब्दापर्यंत नेतो हे वेगळं ठरतं. दोन जुळले तर पुढे जायचं.

कायद्यात तर हे शब्द पायऱ्या लावून ठेवलेत. १८७२ च्या पुरावा कायद्यात, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, काही गोष्टी न्यायालय गृहीत धरू शकतं, काही उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरावीच लागतात, आणि काही निर्णायकच मानायच्या. चोरीनंतर लगेच चोरीचा माल कोणाकडे सापडला आणि तो कसा आला हे त्याला सांगता आलं नाही, तर तो चोर आहे किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा आहे असं गृहीत धरता येतं. "धरता येतं", "धरावंच" नाही. आणि तिथेच जोडून एक फार सुंदर उदाहरण दिलंय : दुकानदाराच्या गल्ल्यात चोरीचा खूण केलेला रुपया सापडला आणि तो कोणाकडून आला हे त्याला सांगता येत नाही, पण त्याच्याकडे दिवसभर रुपये येतच असतात. पुरावा वरवर तोच, सापडलेली वस्तू आणि स्पष्टीकरण नाही, पण परिस्थिती बदलली आणि अनुमानाचा जोर गेला.

माझे तिन्ही मुद्दे "बहुतेक" खरे आहेत. मग निष्कर्षही "बहुतेक" खरा ना?

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. समजा तुमचा वाद असा : बहुतेक बसचा संप होणार, संप झाला तर बहुतेक ट्रेनला गर्दी होणार, गर्दी झाली तर बहुतेक साहेबांना उशीर होणार, म्हणजे बहुतेक मीटिंग उशिरा सुरू होणार. प्रत्येक पायरी दहात आठ वेळा खरी ठरते असं धरलं, तर तिन्ही एकामागोमाग खऱ्या ठरायची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१२. नाणं उडवण्याइतकीच. अजून एक पायरी जोडली तर निम्म्याच्या खाली गेलो, आणि आपण अजूनही "बहुतेक" म्हणतोय.

हां, साहेबांना दुसऱ्या कारणानेही उशीर होऊ शकतो, ते वेगळं, पण तुमच्या या साखळीच्या जोरावर तुम्ही "बहुतेक" म्हणू शकत नाही. साखळी जितकी लांब तितका शेवटचा शब्द खाली उतरवा.

याच्या उलटही होतं. दोघा जणांनी एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या ठिकाणाहून एकच गोष्ट पाहिली, तर दोन "असावं" मिळून "असणार" होऊ शकतं. पुरावे एकाच्या डोक्यावर एक असे रचलेत की शेजारीशेजारी उभे राहून एकाच गोष्टीला टेकू देतायत, हे आधी बघा. आणि दोघांनी एकाच व्हॉट्सअॅप फॉरवर्डवरून ऐकलं असेल तर तो एकच टेकू.

"जर... तर... असणारच" यात काय घोळ होतो?

"ती पुण्यात असेल तर महाराष्ट्रात असणारच." बरोबर. "ती पुण्यात आहे." हेही बरोबर. "म्हणजे ती महाराष्ट्रात आहे." बरोबर. पण यावरून "म्हणजे ती महाराष्ट्रात असणं अटळच होतं, दुसरीकडे असूच शकली नसती" हे निघत नाही, ती काल गोव्याला जाणारच होती, गाडी चुकली. "च" जोडलेला आहे तो जर आणि तर यांच्या नात्याला, "तर" नंतरच्या गोष्टीला स्वतंत्रपणे नाही.

पुण्याच्या उदाहरणात हे उघड दिसतं, पण "पक्षाने तिकीट नाकारलं तर तो बंडखोरी करणारच, आणि तिकीट नाकारलंय, म्हणजे त्याच्या नशिबात बंडखोरीच होती" अशा वाक्यात दिसत नाही. आणि दुसरी तऱ्हा याहून जास्त आढळते : "जर" अजून पक्कं नाही, पण "तर" मधला "असणारच" उचलून लोक वापरायला लागतात. तिकीट नाकारायची नुसती शक्यता असेल तर बंडखोरीचीही नुसती शक्यता, नातं कितीही पक्कं असो.

"येईलच असं नाही" आणि "येणारच नाही" लोक एकच का समजतात?

घाईत वाचतात म्हणून. "हे औषध लागू पडेलच असं नाही" म्हणजे पडेलही, खात्री नाही. "हे औषध लागू पडणारच नाही" म्हणजे संपलंच. डॉक्टर पहिलं म्हणाले आणि घरी येऊन कोणी दुसरं सांगितलं की पेशंट औषध सोडतो. "नाही" कशाला लागलंय, खात्रीला की गोष्टीला, एवढं बघितलं की कळतं. वादात समोरच्याचं म्हणणं परत सांगताना हे आधी तपासा, नाहीतर तो जे बोललाच नाही त्याच्यावर तुम्ही अर्धा तास भांडाल.

"बहुतेक" म्हणजे नक्की किती टक्के? काही ठरलेलं आहे का?

रोजच्या मराठीत नाही. काही क्षेत्रांनी ठरवून घेतलंय. हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती, आयपीसीसी, आपल्या अहवालांत "संभवनीय" म्हणते तेव्हा किमान ६६ टक्के आणि "अतिसंभवनीय" म्हणते तेव्हा किमान ९० टक्के असा अर्थ धरायचा असतो. फायदा हा की वाचणारा प्रत्येकजण आपल्या मनाचा आकडा लावत नाही.

पण पट्टी ठरली म्हणजे शब्द बरोबर लागतोच असं नाही. २००७ च्या अहवालात आपल्या हिमालयाबद्दल वाक्य होतं की तापमान असंच वाढत राहिलं तर हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्याआधीच नाहीशा होण्याची शक्यता अतिशय जास्त आहे. शब्द एकदम वरच्या पायरीचा. त्याच्या खालचा आधार काय होता? एका पर्यावरण संस्थेचा २००५ चा अहवाल, आणि त्याच्या खाली १९९९ चा एका साप्ताहिकातला लेख. तपासून प्रसिद्ध झालेलं संशोधन त्या तारखेच्या मागे नव्हतं. कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जाड असलेला बर्फ तीस वर्षांत संपायचा तर तो दरवर्षी काही मीटर वितळायला हवा, आणि तसा वेग कोणी मोजलेला नव्हता. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीने ते विधान चुकीचं असल्याचं मान्य केलं.

त्यानंतर गंमत म्हणजे... नाही, गंमत नाही, वाईटच झालं, काही लोक म्हणायला लागले की म्हणजे हिमनद्या वितळतच नाहीयेत. तेही तसंच. हिमनद्या आक्रसतायत याचे पुरावे वेगळे आहेत आणि भक्कम आहेत, खोटी ठरली ती तारीख आणि तिला लावलेला शब्द.

मग सगळीकडे "कदाचित" लावून टाकू का? सेफ राहील.

सेफ राहील पण काही सांगणार नाही. "कदाचित उद्या पाऊस पडेल, कदाचित पडणार नाही" हे कधीच खोटं ठरत नाही, आणि त्यावरून छत्री घ्यायची का हेही कळत नाही. निष्कर्ष जितका मऊ कराल तितका तो सिद्ध करायला सोपा, हे खरं, पण तितकं त्याचं काम कमी. पुरावा "असणार" ला पुरतोय आणि तुम्ही "कदाचित" म्हणताय तर तीही चूकच आहे. ट्रेझररने हिशोब मांडला, जमा अडीच लाख, खर्च दोन लाख ऐंशी हजार, आणि खाली लिहिलं "कदाचित तूट असावी". तूट आहे. तीस हजार. आकडे बरोबर असतील तर यात "कदाचित" ला जागाच नाही. आकड्यांवर शंका असेल तर शंका आकड्यांवर घ्या : "हे आकडे खरे असतील तर तूट तीस हजार, पण लिफ्टचं बिल अजून यायचंय."

सगळ्यात त्रासदायक वाक्य म्हणजे "अमुकची शक्यता नाकारता येत नाही". त्याचा खरा अर्थ फक्त "अशक्य नाही" एवढा. पण वाचणाऱ्याच्या मनात "असावं" उतरतं, दोन दिवसांनी "असणार", आठवड्याने "म्हणे तसंच झालं". शक्य आहे यावरून संभवनीय आहे असं होत नाही. संभवनीय म्हणायला वेगळा पुरावा लागतो आणि तो या वाक्यात कुठेच नसतो. बातमीत हे दिसलं की त्या जागी "अशक्य नाही" ठेवून वाचून बघा, बातमीत किती उरतं ते दिसेल.

स्पर्धा परीक्षेत निष्कर्षाच्या प्रश्नांत याचा काय उपयोग?

थेट उपयोग. बँकेच्या परीक्षांच्या पुस्तकांत उतारा देऊन निष्कर्ष "निश्चित सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य, निश्चित असत्य" यात बसवायला सांगतात, आणि एमपीएससीच्या सीसॅटमध्येही उताऱ्यावरून काय निघतं असे प्रश्न असतात. मुलं चुकतात ती मुख्यतः दोन ठिकाणी. उताऱ्यात "बऱ्याच", "काही", "सहसा" असतं आणि पर्यायात "सर्व", "नेहमी", "फक्त" असतं, विषय ओळखीचा असल्यामुळे नजर घसरते. किंवा गोष्ट बाहेरच्या जगात खरी असते म्हणून "निश्चित सत्य" टिक करतात, जेव्हा प्रश्न फक्त उताऱ्यावरून किती निघतं एवढाच असतो. पर्याय वाचताना आधी त्याचा जोर दाखवणारा शब्द अधोरेखित करा, मग उताऱ्यात तेवढा जोर कुठे आहे ते बोटाने दाखवा. दाखवता आला नाही तर एक पायरी खाली या.

समोरचा "असणारच" म्हणतोय आणि मला पटत नाही. भांडण न करता काय विचारू?

"तुझं चूक आहे" म्हणू नका, कारण बऱ्याचदा त्याचं चूक नसतं, त्याचा शब्द जास्त चढलेला असतो. विचारा, "हे नसेल तर दुसरं काय असेल?" त्याला एकही दुसरं स्पष्टीकरण सुचलं नाही तर तुम्ही एक सुचवा, पण पुराव्यात पाय असलेलं सुचवा, भुताचं नको. मग विचारा, "हे बाद कशावरून करायचं?" एकतर त्याच्याकडे उत्तर असेल, कॅमेरा, बिल, तारीख, आणि मग तुम्हीच वर चढा आणि तसं म्हणा. किंवा नसेल, आणि मग "बहुतेक" वर दोघांचं जमतं का बघा. आई-बाबांशी किंवा मोठ्यांशी बोलताना "तुम्ही म्हणताय तसं असेलही, पण अजून काय असू शकतं?" असं विचारलं की त्यांना उलट उत्तर दिल्यासारखं वाटत नाही.

आणि समोरच्याने खरंच आपला शब्द खाली आणला, "असणारच" चा "असावं" केला, तर तो हरला असं मोजू नका, लगेच "म्हणजे तू चुकीचा होतास" असंही म्हणू नका. त्याने मुद्दा सोडलेला नाही, पुराव्याएवढा केलाय. तुमचाही शब्द त्याच्या पुराव्याने हलला पाहिजे, तो तसाच राहिला असेल तर पुढचा मेसेज टाकायच्या आधी तो एकदा वाचा.